परत पाठवलेलं नाणं

गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. लिहावी की नाही, हे बरेच दिवस मनात घोळत होतं. शेवटी सूनबाईलाच विचारलं. ती म्हणाली, "आई, कंपनीचं आणि त्या गृहस्थांचं नाव तेवढं घालू नका, बाकी खुशाल लिहा." म्हणून आज बसले आहे.

आमची सूनबाई चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. तिच्याकडे पॅकिंगचं सामान असतं, म्हणजे पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट, असलं सगळं. वसुबारसेच्या दिवशी दुपारी मी घरात एकटीच होते. चकलीची भाजणी मळत असताना बेल वाजली. दारात पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ. "मॅडम आहेत का?" म्हणाले. नाही म्हटल्यावर मलाच वाकून नमस्कार केला. खोक्यांचा छोटा कारखाना आहे, मॅडमच्या कंपनीला माल देतो, म्हणाले. मी चहा केला, बशीत चिवडा दिला. मुलाबाळांची चौकशी झाली. जाताना त्यांनी कापडी पिशवीतला एक डबा टेबलावर ठेवला. "काकू, काही नाही, दिवाळीचा सुका मेवा आहे." मीही "कशाला उगीच" म्हटलं आणि ठेवून घेतला. आपल्याकडे एवढं बोलायचीच पद्धत आहे. त्याला नकार कोणी समजत नाही.

संध्याकाळी सूनबाई आली, डबा पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. उघडला तर वर बदाम-काजू आणि तळाशी लाल मखमली डबीत ५० ग्रॅमचं चांदीचं नाणं. तेव्हाच्या भावाने पाच हजारांच्या आसपासचं. त्यात भर म्हणजे डिसेंबरअखेर खोक्यांचा वर्षाचा करार संपत होता आणि नव्या वर्षासाठी तीन जणांकडून दर मागवलेले होते. त्या तिघांत हे गृहस्थ होते.

मी म्हटलं, "अगं, फोन करून आभार मान आणि पुढच्या वेळी नको म्हणून सांग." ती म्हणाली, "आई, नाणं रात्रभर घरात राहिलं आणि मी कोणाला सांगितलं नाही, तर ते मी घेतलंच असं होतं."

मग तिने मला नियम समजावून सांगितला. खरेदी विभागाला त्यांच्या कंपनीत जास्त कडक नियम आहे. ऑफिसात कोणी डायरी किंवा कॅलेंडर दिलं तर चालतं. पुरवठादाराचा कारखाना तपासायला गेलं तर तिथला चहा आणि कामगारांच्या कँटीनमधलं जेवण चालतं. हॉटेलातलं जेवण चालत नाही. सोनं, चांदी, रोख आणि गिफ्ट व्हाउचर यांना किमतीची मर्यादाच नाही. ते घ्यायचंच नाही. आणि घरी आलेली वस्तू ऑफिसात आलेल्या वस्तूपेक्षा वाईट धरतात, कारण ती इतर कोणाला दिसत नाही.

तिने आधी डब्याचे आणि नाण्याचे फोटो काढले. त्याच रात्री वरिष्ठांना आणि आचारसंहितेचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला मेल केली. वस्तू कोणी दिली, केव्हा, कोणाच्या हातात, अंदाजे किंमत किती आणि आता काय करणार, एवढंच त्यात होतं. हीच माहिती दुसऱ्या दिवशी कंपनीच्या भेटवस्तूंच्या नोंदवहीत गेली. वस्तू तिने स्वतः नेऊन द्यायची नव्हती. प्रशासन विभागाचा माणूस नेणार आणि सही-शिक्क्याची पोच आणणार. मिठाई किंवा फळं आली आणि परत पाठवेपर्यंत नासणार असली, तर ती रिसेप्शनवर सगळ्यांसाठी ठेवतात, पण नोंद करूनच. सुका मेवा काही नासत नव्हता. तोही परत गेला.

राहिलं पत्र. कंपनीचा इंग्रजी नमुना होता, पण त्या गृहस्थांना मराठीच सोयीचं. सूनबाईने त्यावरून मराठी मसुदा केला आणि मास्तरीणबाईंकडे तपासायला दिला! त्यातलं पहिलंच वाक्य होतं, "आपण दिलेली भेटवस्तू आमच्या आचारसंहितेचा भंग करणारी असल्याने परत करण्यात येत आहे." मी म्हटलं, "हे कारणे दाखवा नोटिशीसारखं वाचतंय. भंग करणारा कोण? तेच की! वाक्याचा कर्ता बदल. नियम तुझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही."

वर्गात कर्ता-कर्म शिकवताना इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. आणखी दोनतीन शब्द आम्ही काढले. "या वेळी घेता येणार नाही" यातलं "या वेळी" काढलं, कारण त्यातून पुढच्या वेळचं दार उघडं राहतं. "एवढी मौल्यवान भेट" यातलं "एवढी मौल्यवान" काढलं, नाहीतर पुढच्या वर्षी छोटी आली असती. "क्षमस्व" दोनदा होतं, दोन्ही काढले. चूक तिची नव्हती आणि त्यांना चूक म्हणायचंही नव्हतं. शेवटी झालं ते पत्र असं:

"स. न. वि. वि. काल आपण माझ्या घरी दिवाळीनिमित्त दिलेली भेट मिळाली. शुभेच्छांबद्दल आभार. कंपनीच्या आचारसंहितेनुसार खरेदी विभागात काम करताना मला पुरवठादारांकडून, कार्यालयात दिलेली डायरी किंवा कॅलेंडर सोडून, कोणतीही भेटवस्तू घेता येत नाही. सर्व पुरवठादारांच्या बाबतीत मी हेच पाळते. म्हणून सुक्या मेव्याचा डबा आणि ५० ग्रॅमचे चांदीचे नाणे सोबत परत पाठवत आहे. कृपया पोच द्यावी. या भेटीचा किंवा ती परत करण्याचा आपल्या दरपत्रकाच्या विचारावर बरा-वाईट कोणताही परिणाम होणार नाही. आपणांस, कुटुंबीयांस व आपल्या कामगारांस दिवाळीच्या शुभेच्छा."

"बरा-वाईट" हा शब्द सूनबाईचा. मी नुसतं "वाईट परिणाम होणार नाही" असं लिहायला निघाले होते. ती म्हणाली, "तेवढंच लिहिलं तर करार देण्याचं आश्वासन दिल्यासारखं होईल. मला तेही देता येत नाही." पत्राची प्रत वरिष्ठांना गेली.

पत्र निघण्याआधी मात्र तिने त्यांना फोन केला. डबा परत घेऊन कंपनीचा माणूस अचानक दारात उभा राहिला, तर कामगारांसमोर त्यांना कसं वाटेल, हा विचार. तो फोन मी शेजारी बसून ऐकला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "मॅडम, आमचं काही चुकलं का? ऑर्डर बंद होणार का?"

माझ्या पोटात कालवलं. आपण नियमाने वागलो म्हणून मनात खूश होतो आणि तिकडे तो माणूस घाबरलेला. छोट्या पुरवठादाराच्या लेखी भेट परत येणं म्हणजे "तुझं नाव काढलं" असाच अर्थ असतो. सूनबाई शांतपणे म्हणाली, "काही चुकलं नाही. मला कोणाकडूनच घेता येत नाही, तिघांकडूनही नाही. दराचा निर्णय कागदावरच होईल."

मग हळूच खरं कारण बाहेर आलं. त्यांची दोन बिलं तीन महिने अडकलेली होती. माल उतरवताना स्टोअरमध्ये खोक्यांची संख्या चुकीची चढली होती, त्यामुळे चलन आणि आवक यांचा मेळ बसत नव्हता आणि अकाउंट्सवाले बिल पुढे सरकवत नव्हते. दोनदा फोन करूनही कोणी दाद दिली नव्हती. दिवाळीत कामगारांना बोनस द्यायचा होता. कोणीतरी सल्ला दिला, मॅडमच्या घरी जाऊन या.

म्हणजे पहा, तो माणूस चांदी देऊन काय मागत होता? स्वतःच्याच मालाचे पैसे! सूनबाईने सांगितलं की सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ साली झाला, त्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करार कितीही दिवसांचा केला तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर त्यावर व्याज लागतं. तिने त्यांना फोनवर एवढंच सांगितलं की हा विषय वेगळा आहे, दोन्ही बिलांचे आणि चलनांचे नंबर घालून उद्या मेल करा, मला आणि अकाउंट्सला दोघांना. भेट परत करण्याच्या पत्रात बिलांचा उल्लेख तिने मुद्दाम टाळला. एकाच कागदावर दोन्ही आलं असतं, तर नाण्यामुळे बिल सुटलं असा अर्थ कोणीही काढला असता.

स्टोअरची नोंद दुरुस्त झाली, बिलं दिवाळीनंतर सुटली. बोनसला मात्र ते पैसे पोचले नाहीत, त्यांनी दुसरीकडून उसने घेतले. नव्या वर्षाचा करार दुसऱ्याला मिळाला, त्याचा दर कमी होता. यांना मोठ्या खोक्यांचं थोडं काम राहिलं. गोष्ट अगदी गोड संपली असं नाही.

आता माझंही सांगते. शाळेत असताना एका गाईड प्रकाशकाचे प्रतिनिधी दर जूनमध्ये येत. एका दिवाळीत ते घरी आले आणि प्रेशर कुकर ठेवून गेले. मी घेतला. पुढच्या जूनमध्ये मुलांना त्यांचंच गाईड सांगितलं. गाईड वाईट नव्हतं, म्हणून माझं मन मला कधी टोचलं नाही. पण त्या वर्षी दुसऱ्या प्रकाशकाचंही गाईड टेबलावर आलेलं होतं, ते मी उघडूनही पाहिलं नाही. कुकरने मला खोटं बोलायला लावलं नाही, फक्त दुसरं पुस्तक उघडू दिलं नाही. हे मला इतक्या वर्षांनी, सूनबाईचं पत्र तपासताना कळलं.

तेव्हा आम्हाला असा लेखी नियम कोणी दिला नव्हता, हेही खरं. नियम असता तर मला "मला आवडलं असतं हो, पण शाळेत चालत नाही" एवढं म्हणून सुटता आलं असतं. समोरच्याचा मानही राहिला असता आणि माझाही. नुसत्या स्वभावाच्या जोरावर दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड असतं, निदान मला तरी.

मागच्या दिवाळीत ते गृहस्थ पुन्हा आले, पण ऑफिसात, एक कॅलेंडर घेऊन. सूनबाईने ते टेबलामागच्या भिंतीवर लावलं आहे. आणि घरी आता बेल वाजली की मी चहा-चिवडा देते, पण पिशवी दारातूनच परत देते. "कशाला उगीच" म्हणणं मात्र सोडलं आहे.