वस्ती-वस्तीने लिस्बन

लिस्बन पायी पाहायचे ठरले तेव्हा आम्ही एका दिवशी एकच वस्ती असा बेत आखला होता. पहिला दिवस बायशाचा. १ नोव्हेंबर १७५५ रोजीच्या भूकंपानंतर ही वस्ती काटकोनात नव्याने आखली गेली. एकसारख्या दर्शनी भिंती पाहून आम्ही कंटाळलो. मग दुरुस्तीसाठी उघडलेल्या एका घरात भिंतीआडचा लाकडी सांगाडा दिसला. त्याच्या चौकटींत फुलीसारखे तिरपे वासे होते. हादऱ्याने दगडकाम ढासळले तरी सांगाडा तग धरेल, अशी त्यामागची योजना.

दुसऱ्या दिवशी आल्फामा. ही वस्ती भूकंपातून बरीचशी वाचली, म्हणून तिची जुनी वळणेही उरली. नकाशावरच्या दहा मिनिटांना तास लागला. कागदावर जिने आणि चढ जाणवत नाहीत. साओं तोमे रस्त्यावर फादो गायिका आमालिया रोद्रिगिश हिचा काळ्या-पांढऱ्या फरसबंदी दगडांचा चेहरा जमिनीवरून वळत भिंतीवर चढतो. व्हिल्स या कलावंताने २०१५ साली तो पालिकेच्या फरसबंदी कारागिरांसह घडवला. आम्ही पाहत असतानाच पाऊस आला आणि पाणी तिच्या गालांवरून ओघळू लागले. पावसात तिने रडावे, हा रचनेतलाच हेतू.

तिसऱ्या दिवशी ग्रासा गाठायचे होते. पण आमच्यातल्या एकाच्या गुडघ्यांनी नकार दिला. मग आम्ही पुन्हा बायशातच गेलो. त्या सपाट, सरळ रस्त्यांवर आता प्रत्येक भिंतीआड सुताराचा हात जाणवत होता.