नोटीस शुद्ध आहे, पण विषय क्रमांक सात?

सोसायटीच्या फलकावर लागलेली सर्वसाधारण सभेची नोटीस वाचायला कोणी थांबत नाही. लिफ्टची वाट पाहताना नजर जाते, "वार्षिक सर्वसाधारण सभा" एवढे दिसते आणि लिफ्ट येते. पुढे वर्षभर ज्या ठरावांच्या नावाने आपल्याला नियम ऐकवले जातात, त्यांचे मूळ मात्र त्याच कागदावर असते. तिथे जे विषय म्हणून छापले जाते, तेच सभेत ठराव म्हणून उभे राहते. म्हणून नोटीस फलकावर जाण्याआधी ती कोण तपासतो, आणि तपासतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न आम्हाला शुद्धलेखनापुरता वाटत नाही.

आमच्या बेचाळीस सदनिकांच्या इमारतीत हे काम गेली काही वर्षे आम्हा दोघा नवरा-बायकोकडे येते. "तुमचं मराठी चांगलं आहे हो," असे म्हणून सचिवकाका मसुदा देतात. त्या "हो"मध्ये कौतुकाबरोबर थोडे आश्चर्यही असते. ते आम्हाला ऐकू येते, पण काकांना येत नसावे. मग एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने दिनदर्शिका व उपविधींचे पुस्तक घेऊन बसायचे, अशी आमची पद्धत. मोठ्याने वाचल्याशिवाय चुका सापडत नाहीत, कारण डोळा सवयीने जे असायला हवे ते वाचतो.

२०२५ च्या नोटिशीचीच गोष्ट घ्या. मसुदा आमच्याकडे गुरुवारी, ११ सप्टेंबरला आला. सभा रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी १० वाजता. नोटिशीवर तारीख १४ सप्टेंबर, कारण त्या रविवारी सगळे घरी असतात आणि सह्या घ्यायला सोपे जाते. काकांचा हिशेब सरळ होता: अठ्ठावीसमधून चौदा गेले, चौदा उरले.

उपविधींना मात्र वार्षिक सभेसाठी पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते. पूर्ण म्हणजे नोटीस दिली तो दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. १५ ते २७ सप्टेंबर मोजा, तेरा भरतात. एका दिवसाने नोटीस तोकडी. उद्या कुणाला एखादा ठराव नको असेल, तर निबंधकाकडे तक्रार करायला एवढा एक दिवस पुरतो. (विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण ५ दिवस पुरतात. अनेक सचिव दोन्हींची गल्लत करतात, आणि सभासद ती खपवून घेतात.) उपाय साधा होता. १३ तारीख टाकायची आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत प्रती घरोघरी पोचवायच्या. फलकावर लावलेली प्रत ही जादाची असते. नोटीस प्रत्येक सभासदाला मिळाली पाहिजे आणि मिळाल्याची खूण सोसायटीकडे राहिली पाहिजे.

दुसरी चूक शेवटच्या टीपेत होती. "गणपुर्ती अभावी सभा तहकुब झाल्यास ती नंतर घेण्यात येईल." आमचे लक्ष आधी "पुर्ती"कडे गेले, मग "नंतर"कडे. गणपूर्ती म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. बेचाळीस सभासदांचे दोन तृतीयांश अठ्ठावीस, म्हणून आमच्याकडे वीस माणसे पुरतात. रविवारी सकाळी दहाला वीस माणसे खाली उतरत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब होते. ती त्याच दिवशी पुढे घ्यायची असेल तर ती वेळ नोटिशीतच लिहिलेली असावी लागते. तिथे गणपूर्तीची अट राहत नाही, फक्त मूळ विषयपत्रिकेतलेच विषय घेता येतात. वेळ लिहिलेली नसेल तर पुढची सभा किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांनी. २८ सप्टेंबरला सात दिवस मिळवले की ऑक्टोबर उजाडतो, आणि वार्षिक सभेची मुदत ३० सप्टेंबरला संपते. एका "नंतर"मुळे अख्खी समिती कायद्याच्या कचाट्यात सापडली असती. तिथे आम्ही "त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, सकाळी १०.३० वाजता" असे लिहिले.

आता शुद्धलेखन. "वार्षीक", "इतीवृत्त", "मंजूरी", "सुचना", "गणपुर्ती". लाल पेनाला भरपूर काम होते. काकांनी विचारले, "मंजूर दीर्घ, मग मंजुरी ऱ्हस्व का? आणि पूर्ती पुन्हा दीर्घ का?" प्रश्न रास्त आहे. मराठीचा नियम असा, की शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो. म्हणून मंजूर, पण मंजुरी. हा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना मात्र लागू नाही. त्यामुळे सूचना, पूर्ती हे शब्द आपला दीर्घ उकार सांभाळून बसतात. अरबी-फारसीतून आलेला "मंजूर" मराठीचा नियम मुकाट्याने पाळतो, आणि संस्कृत शब्दाला सूट. तीही कर्तृत्वाने नाही, जन्माने! कोणता शब्द कोणत्या घरचा हे ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्याला ही सूट आपोआप कळते. बाकीच्यांनी पाठ करायची. आणि चुकलो की त्याला नाव काय, तर "अशुद्ध". ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या सावलीलाही हा शब्द चिकटवला गेला, त्यांना तो व्याकरणाच्या वहीत निरुपद्रवी वाटावा अशी अपेक्षा कुणी करू नये. आम्ही "चुकीचे लेखन" म्हणतो. लाल पेन मात्र खाली ठेवत नाही, कारण सोसायटीचा कागद नीट असावा हा आमचाही हट्ट आहे.

तर असा सगळा मसुदा लाल झाला. फक्त एक ओळ स्वच्छ राहिली.

"विषय क्र. ७ : सदनिका केवळ सुसंस्कृत कुटुंबांनाच भाड्याने देण्याच्या प्रस्तावास मंजुरी देणे."

ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, अनुस्वार जागेवर, आणि "मंजुरी"सुद्धा इथे अचूक. ही ओळ काकांची नव्हती, हे उघड होते. कोणीतरी नीट लिहून त्यांच्या हातात दिली होती. लेखन तपासणाऱ्या कुठल्याही माणसाने ती तशीच पुढे जाऊ दिली असती. आम्ही तिथेच अडलो.

आमचा पहिला आक्षेप क्रियापदावर. विषयपत्रिकेत "मंजुरी देणे" लिहिले की सभासद सभेला येण्याआधीच निकाल लागलेला असतो. हात वर करणारा मागच्याचेच म्हणणे पुढे नेतो, आणि विरोध करणारा सभा बिघडवणारा ठरतो. तिथे "विचारविनिमय करून निर्णय घेणे" असे हवे. ही दुरुस्ती आम्ही विषय क्र. ५ मधल्या देखभाल शुल्कवाढीलाही केली, आणि त्यावर कोणाची हरकत नव्हती.

दुसरा आक्षेप "सुसंस्कृत" या शब्दावर. सभेपुढे जो विषय येतो त्याचा अर्थ मत देणाऱ्या प्रत्येकाला एकच कळला पाहिजे. आम्ही काकांना विचारले, "सुसंस्कृत ठरवायला कोणता कागद मागायचा? आधार कार्ड? पगाराची चिठ्ठी?"

काका हसले. "अहो, समजून घ्या ना. सगळ्यांना कळतंय."

"सगळ्यांना कळतंय, तेच लिहा मग."

ते त्यांनी लिहिले नाही. ते लिहिता येत नाही, म्हणून तर "सुसंस्कृत" लिहिले होते. स्वयंपाकघरातला वास, आडनाव, दारावरचा निळा झेंडा, भिंतीवरची तसबीर, नमाजाची चटई, एकटी राहणारी बाई: सगळे एका शब्दात बसवले होते आणि शब्दाला डाग नव्हता. १९१७ साली परदेशातल्या विद्यापीठांत शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले अकरा दिवस काठ्या घेतलेल्या जमावाने संपवले, आणि त्या दिवशी त्यांना एका सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. त्या जमावाने निदान तोंडाने तरी विचारले होते, तू कोण आहेस. आमच्या नोटिशीला तेवढेही विचारायचे नव्हते.

काकांशी आम्ही संस्कृतीवर वाद घातला नाही. वाद घातला तो उपविधींवर. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिका भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने कळवायचे असते, भाडेकराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. जी परवानगी सोसायटीच्या हातातच नाही, तिच्यावर अट घालणारा ठराव बहुमताने झाला तरी उपविधींपुढे टिकत नाही. आणि "आमची संस्कृती" म्हणणाऱ्यांची खरी काळजी काय? बंद घरात कोण राहते ते कळावे, भाडेकरूने कचरा वेळेवर द्यावा, गाडी दुसऱ्याच्या जागेवर लावू नये. हे सगळे साध्या शब्दांत लिहिता येते आणि ते मालकालाही लागू होते.

काका बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ज्यांनी दिलंय ते विचारतील मला." आम्ही म्हटले, सभेत विचारू द्या, इतिवृत्तात नोंद होईल. ते विचारतील तेव्हा आम्ही समोर बसलेले असू. मग त्यांनी आणखी एक वाट सुचवली: हा विषय नोटिशीत नकोच, "आयत्या वेळचे विषय"मध्ये घेऊ. हे तर आणखी वाईट. ज्या विषयाला रीतसर नोटीस लागते तो आयत्या वेळी घेता येत नाही. ती जागा नळ गळतो, जिन्यातला दिवा गेला, असल्या गोष्टींची. तिथे असा विषय आला की जे सभेला आलेच नाहीत, त्यांच्या घराबद्दलचा निर्णय त्यांना न सांगता होतो. अनेक सोसायट्यांत नेमके हेच घडते, आणि फलकावरची नोटीस मात्र देखणी असते.

शेवटी सातवा विषय असा छापला गेला: "सदनिका भाड्याने दिल्यास सभासदाने सोसायटीकडे द्यावयाची कागदपत्रे व ती देण्याची पद्धत याबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे." ऐकायला रुक्ष आहे. "सुसंस्कृत"ची चमक त्यात नाही.

शनिवारी, १३ सप्टेंबरला संध्याकाळी नोटीस फलकावर लागली. एकोणचाळीस सदनिकांतून सह्या मिळाल्या. तीन घरे बंद होती. त्यांच्या मालकांना त्याच दिवशी ईमेल गेला आणि त्याची छापील प्रत काकांनी फाईलला लावली.