भाऊबीजेच्या दिवशीचा फोन

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी साताऱ्यात एकट्या राहणाऱ्या आत्याला फोन केला. "दिवाळीच्या शुभेच्छा आत्या! बरी आहेस ना? फराळ केलास ना?" "हो रे, सगळं छान," ती म्हणाली. दोन मिनिटांत फोन संपला. चार दिवसांनी शेजारणीकडून कळले की, नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान करताना तेलाने निसरड्या झालेल्या फरशीवर ती घसरली होती आणि मुक्या माराने अंथरुणाला खिळून चहा-बिस्किटांवर दिवस काढत होती.

आत्याने मला फसवले नव्हते. माझ्या प्रश्नांतच तिचे उत्तर ठरलेले होते. आपल्या भाषेत 'ना'ने संपणारा प्रश्न 'हो' मागूनच घेतो. सणाच्या दिवशी आपल्याला काळजीत टाकण्यापेक्षा वडीलधारी माणसे तो 'हो' देऊन टाकतात. म्हणून यंदा फोनपूर्वी मी चार वाक्ये कागदावर लिहून ठेवली. आपल्याही उपयोगी पडतील, म्हणून ती येथे सांगतो.

प्रथम वेळ निवडली. संध्याकाळी फटाक्यांचा आवाज असतो, शिवाय दिवसभराचा थकवाही. म्हणून भाऊबीजेला सकाळी दहा वाजता, दार लावून, एकट्याने फोन केला. वाढत्या वयात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. अशा वेळी ओरडल्याने शब्द स्पष्ट होत नाहीत, केवळ मोठे होतात. खालच्या पट्टीत, सावकाश, एका वेळी एकच वाक्य बोलावे. स्पीकर लावून घरातल्या सर्वांनी एकदम शुभेच्छा दिल्या, तर पलीकडे नुसता गलका पोहोचतो.

पहिले वाक्य असे होते : "आत्या, मी पुण्याहून बोलतोय. आज मला घाई नाही." हे दुसरे अर्धे वाक्य महत्त्वाचे, एरवी आपला वेळ जाऊ नये म्हणून तीच फोन आवरता घेते.

दुसरे वाक्य : "सकाळी उठल्यापासून काय काय केलंस, सांग." या प्रश्नाला 'हो' म्हणता येत नाही. आत्या सांगू लागली, "उठले, पणती लावली, चहा घेतला, देवाला फुलं वाहिली..." मी ऐकत होतो, आणि त्या क्रमात आंघोळ कोठेच नव्हती. "आणि आंघोळ?" मी विचारले. "करीन नंतर." येथे मला सल्ला द्यावासा वाटला, पण कागदावर लिहिले होते : थांब. मनात दहा अंक मोजले. मग ती हळूच म्हणाली, "न्हाणीघरात जायची भीती वाटते रे."

वर्षभर तिने ही भीती कोणालाही सांगितली नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही भिंतीला पकडायला दांडा बसवला, रबरी चटई घातली. आणि तेल लावायचे ते बाहेर खुर्चीवर बसून, आंघोळीनंतर फरशी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन टाकायची, असे ठरले.

तिसरे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला होता. माझे वडील, म्हणजे तिचा एकुलता भाऊ, आता नाहीत. त्या दिवशी हा विषय टाळावा असे वाटते. पण तिच्या मनात तोच असतो. मी म्हणालो, "आज बाबांची आठवण येतेय. लहानपणी तुमची भाऊबीज कशी असायची?" ती थोडी रडली, मग बराच वेळ बोलली. मध्ये मी "रडू नकोस" म्हटले नाही.

चौथे वाक्य निरोपाचे : "गुरुवारी सकाळी दहाला पुन्हा फोन करतो." 'करू कधीतरी' असे म्हणू नये. आणि फोन आधी तिला ठेवू द्यावा.

फोनची मर्यादाही ध्यानात असू द्या. ओळखीचा आवाज अचानक बोबडा किंवा असंबद्ध झाला, अथवा वाक्य पुरे होण्याआधी दम लागू लागला, तर प्रश्न विचारत बसू नये. शेजाऱ्यांना तत्काळ घरी पाठवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. त्यासाठी शेजाऱ्यांचा क्रमांक त्याच कागदाच्या माथ्यावर असावा. माझ्या कागदावर गेल्या वर्षी तो नव्हता, कागदच नव्हता.