कलम नेमकं कुठे शोधायचं?

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं. बार कौन्सिलच्या परीक्षेला बेअर ॲक्ट सोबत नेता येतात, मग एवढी भीती कसली, असं तुझ्या मैत्रिणी म्हणतात. त्यांना म्हणावं, साडेतीन तासांत शंभर प्रश्न आहेत, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटांहून जरा जास्त. तेवढ्यात प्रश्न वाचायचा, पुस्तक काढायचं, कलम गाठायचं आणि पर्याय निवडायचा. टिपा किंवा भाष्य असलेली पुस्तकं चालत नाहीत. कायद्याचा नुसता मजकूर समोर असतो, आणि कुठे पाहायचं हे तो सांगत नाही.

मुदत कायद्याचंच बघ. १९६३चा हा कायदा इतका लहान, की मुलं त्याला शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. पण त्याचे दोन भाग आहेत. पुढे बत्तीसएक कलमं, मागे १३७ नोंदींची अनुसूची. अनुसूचीत कोणत्या दाव्याला किती मुदत आणि ती कधीपासून मोजायची हे दिलंय. ती मुदत कधी लांबते, कधी नव्याने सुरू होते, हे पुढच्या कलमांत. घाईतला माणूस अनुसूची उघडतो, आकडा सापडला की खूश होतो आणि तिथेच फसतो.

समज, असा प्रश्न आला: गणपतने १० मार्च २०१४ रोजी महादूला उसने पैसे दिले. ५ जानेवारी २०१७ रोजी महादूने सही करून लिहून दिलं की तुझे पैसे माझ्याकडे देणं आहेत. गणपतने दावा लावला डिसेंबर २०१९मध्ये. दावा मुदतीत आहे का?

अनुसूचीतली नोंद १९ सांगते, उसन्या पैशांसाठी तीन वर्षं, कर्ज दिल्यापासून. म्हणजे मार्च २०१७मध्ये मुदत संपली, आणि 'मुदतबाह्य' हा पर्याय तुझ्याकडे बघून हसत असतो. पण प्रश्नात सहीचा कागद उगाच घातलेला नाही. परीक्षक एखादी गोष्ट जास्तीची सांगतो, तेव्हा तिच्यासाठी कुठेतरी कलम असतंच. इथे ते १८ आहे: मुदत संपण्यापूर्वी देण्याची लेखी, सही असलेली कबुली दिली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजायची. म्हणजे जानेवारी २०२०पर्यंत. दावा मुदतीत.

आता तोच कागद ५ मे २०१७चा कर. मुदत आधीच संपलेली, म्हणून कलम १८ उपयोगाचं नाही. पण महादूने नुसती कबुली न देता 'पैसे देईन' असं लिहून सही केली असेल, तर मुदत कायदा मिटवून करार कायदा उघडावा लागतो. त्यातलं कलम २५(३) मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं लेखी वचन वैध धरतं. दोनच तपशील बदलले आणि उत्तर दुसऱ्याच पुस्तकात गेलं. हा फरक मला फार आवडतो. कोर्टातही यावर तासन्‌तास वाद होतात.

आणखी एक आमिष असतं. 'गणपत आजारी होता म्हणून उशीर झाला' असं वाक्य आलं की सगळे कलम ५कडे, विलंब माफीकडे धावतात. कलमाचं पहिलं वाक्य शेवटपर्यंत वाच. ते अपिलाला आणि अर्जाला लागू आहे, दाव्याला नाही.

म्हणून तयारीत कलमं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक कायद्याच्या सुरुवातीची कलमांची यादी पुन्हा पुन्हा वाच. व्याख्या कुठे, अपवाद कुठे, अनुसूची कुठे, हे बोटांना माहीत हवं. फौजदारीत तर वेड्या माणसाने केलेल्या खुनाचा प्रश्न खुनाच्या कलमात सुटतच नाही. तो भारतीय न्याय संहितेच्या सर्वसाधारण अपवादांत, कलम २२मध्ये आहे. आणि कलम सापडल्यावर त्याखालचं परंतुक, स्पष्टीकरण सोडू नकोस.

जुन्या पाठांतराचाही दगा होतो. १ जुलै २०२४पासून खुनाची शिक्षा कलम १०३मध्ये आहे. सवयीने ३०२ उघडलंस, तर न्याय संहितेत तिथे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याचा गुन्हा सापडेल. ताईच्या कपाटातली जुनी पुस्तकं त्यामुळे नेऊ नकोस.

पुस्तक मात्र प्रत्येक प्रश्नाला उघडायचं नाही. येतं ते आधी सोडव, शोधायचं ते खूण करून मागे ठेव. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा काहीच कोरं ठेवू नकोस.

आता एक काम कर. वरच्याच प्रश्नात महादूने सही करून काही लिहून दिलं नाही, फक्त २०१६मध्ये स्वतःच्या हाताने पावती लिहून थोडे पैसे परत केले, असं धर. कलम शोध, घड्याळ लाव, आणि किती वेळ लागला ते उत्तरासकट कळव.

तुझा,
मामा