साडेचारची गाडी

क्लायंटचा मेल आला की मी आधी स्क्रोल करून त्याची लांबी बघतो. हा चार स्क्रोलचा होता. नाशिककडचे एक दूध वितरक. त्यांचं ॲप आमची टीम सांभाळते. मेलमध्ये पाऊस होता, मुलीची दहावी होती, शहराकडे सुरू केलेली नवी लाइन होती, तिच्यासाठी गाडी आता पहाटे साडेचारला भरावी लागते हेही होतं. वही आणि ॲपचा हिशेब जुळत नाही, ड्रायव्हर मागाहून आकडे बदलतो असा संशय होता. शेवटी हुकूम: 'ड्रायव्हरला नोंद बदलता येऊ नये असं करून द्या. तोवर त्याचा पगार थांबवलाय.'

वर्षभरापूर्वी मी शेवटची ओळ उचलून टास्क बनवला असता. तसं एकदा केलंय. आठवडाभर राबून क्लायंटने सांगितलेलं बटण दिलं आणि मूळ अडचण जागच्या जागी राहिली.

आता मी मेल कोऱ्या पानावर चिकटवतो आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहितो: पाहिलेलं, अंदाज की मागणी. 'हिशेब जुळत नाही' हे पाहिलेलं. 'ड्रायव्हर बदलतो' हा अंदाज. प्रत्येकाचा प्रश्न करायचा, असा की उत्तर एका आकड्यात किंवा हो-नाहीत यावं, आणि पुढे उत्तर कोण देणार तेही लिहायचं.

यादी अशी झाली:

1. कोणत्या गाडीचा, कोणत्या तारखेचा आकडा चुकतो? वहीत किती, ॲपमध्ये किती? (क्लायंट)
2. सेव्ह झालेली नोंद ड्रायव्हरला आज बदलता येते का? (मी, कोड बघून)
3. रिपोर्ट दिवस कुठल्या घड्याळाने मोजतो? (बॅकएंड)

पाऊस, दहावी आणि साडेचारची गाडी मी गाळली होती. टेस्टरने यादी वाचून विचारलं, "बाकीच्या गाड्या किती वाजता भरतात?" तो चौथा प्रश्न झाला.

उत्तरं दुपारपर्यंत आली. बाकीच्या गाड्या सहानंतर भरतात. चूक फक्त नव्या लाइनची. वहीत 12 तारखेला 180 लिटर, 13 तारखेला 165. ॲपमध्ये 12 तारखेलाच 165. म्हणजे आकडा बदलला नव्हता, एक दिवस मागे सरकला होता. नोंद बदलायची सोय ड्रायव्हरला मुळात नव्हतीच. रिपोर्ट UTC प्रमाणे दिवस मोजत होता आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद त्याच्या लेखी कालची. महिन्याची बेरीज जवळपास जुळायची, म्हणून आधी कुणाला शंका आली नाही.

साठवलेल्या वेळा बरोबर होत्या. फक्त रिपोर्टच्या क्वेरीत `Asia/Kolkata` घातलं.

उत्तराच्या मेलमध्ये मी पहिलं वाक्य ड्रायव्हरबद्दल लिहिलं: त्याने काही बदललेलं नाही, चूक आमची होती. पगाराचं काय झालं, हे मात्र मी दोन दिवसांनी फोन करून विचारलं. तो प्रश्न यादीत नव्हता.