सरतपास

वकिलीच्या पेशात आम्हाला पंचवीस वर्षे झाली. इंदूरच्या न्यायालयात बुजलेल्या साक्षीदाराला बोलते करण्यात आमचा हातखंडा आहे, असा आमचा समज होता. तो एका रविवारच्या संध्याकाळी गेला. त्या दिवशी आमच्यापुढे उभा राहिलेला साक्षीदार आठ वर्षांचा, इयत्ता तिसरीतला आणि आमचाच चिरंजीव होता.

"बाबा, उद्या प्रोजेक्ट न्यायचाय."

"कसला?"

"जुन्याचा."

"जुन्याचा म्हणजे?"

"मॅडम म्हणाल्या, पुरानी चीज़. आणि पाच."

"पाच काय?"

"पाच... काहीतरी."

शाळेच्या डायरीत एवढीच नोंद होती : 'प्रोजेक्ट, सोमवार'. ती करणाऱ्याला पुढचे सारे आपल्या लक्षात राहील असा भरवसा असावा. आमच्या गावातल्या इतर मराठी मुलांप्रमाणे चिरंजीवही शाळेत हिंदी ऐकतात, वहीत इंग्रजी लिहितात आणि घरी येऊन मराठीत सांगतात. शनिवारी सुटलेली सूचना रविवारी आमच्यापर्यंत पोहोचेतो तिने तीन भाषांचे उंबरठे ओलांडले होते. वाटेत तिचे काही सामान गळाले असले तर नवल नाही.

आम्ही कामाला लागलो.

"जुनी चीज म्हणजे जुनी वास्तू का रे? आपला राजवाडा?"

चिरंजीवांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले. "हो."

"त्याचं मॉडेल करायचं?"

"हो."

"पुठ्ठ्याचं?"

"हो, पुठ्ठ्याचं."

प्रकरण तीन उत्तरांत उलगडले, याचे आम्हाला समाधान वाटले. राजवाडा हा आमचा जिव्हाळ्याचा विषय. होळकरांची ती सात मजली वास्तू, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. 1984 च्या आगीत तिचा आतला बराच भाग जळाला. हे सर्व आम्ही चिरंजीवांना सविस्तर सांगितले. त्यांनी मधेच विचारले, "पण बाबा, पाच?"

"पाच मजले म्हणाल्या असतील. पण ते सात आहेत."

"मग सातच म्हणाल्या असतील," चिरंजीव समजूतदारपणे म्हणाले.

खातरजमा म्हणून सौभाग्यवतींकडून वर्गातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारणा करवली : "राजवाड्याचे मॉडेल न्यायचे आहे ना?" दोन मातांचे उत्तर आले, "हाँ, शायद." तिसरीने तर लगेच पुठ्ठा आणायला माणूस धाडला. आम्ही कात्री घेऊन बसलो. रात्री साडेनऊपर्यंत दगडी मजले उभे राहिले, आणि चिरंजीव त्यांना डिंक लावता लावता पेंगू लागले.

इतका वेळ आमच्या मातोश्री जपमाळ घेऊन बाजूला बसल्या होत्या. त्यांनी माळ ठेवली आणि नातवाला जवळ घेतले.

"मॅडमनी हे सांगितलं तेव्हा तू काय करत होतास रे?"

"दप्तर भरत होतो. डबा उघडला होता, तर चटणी सांडली."

"मग?"

"मग मी पुसत होतो. घंटा झाली. सगळे उठले."

"आणि मॅडम?"

"त्या टेबलापाशी होत्या. त्यांनी पिशवीतून लोटा काढला."

"कसला लोटा?"

"पितळेचा. त्यांच्या नानीचा. त्यावर नाव होतं." चिरंजीवांची झोप आता पार उडाली होती. "आणि म्हणाल्या, घरमें किसीसे पूछना. आजी, तुला विचारायचं होतं! जुनी वस्तू, आणि तिच्या पाच गोष्टी लिहायच्या. पाँच बातें!"

आम्ही कात्री खाली ठेवली.

ज्या प्रश्नातच अपेक्षित उत्तर सुचवलेले असते त्याला आमच्या पेशात सूचक प्रश्न म्हणतात. 1872 च्या पुरावा कायद्याने त्याची व्याख्या केली होती, आणि तो कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून नवा अधिनियम आला तरी नियम तोच राहिला. आपल्याच साक्षीदाराच्या सरतपासात वादाच्या मुद्द्यावर असा प्रश्न विचारू लागलो की समोरचा वकील ताडकन उठून हरकत घेतो. उलटतपासात मात्र तो चालतो, कारण तिथला साक्षीदार सहसा आपल्या बाजूचा नसतो. त्याला आपली मर्जी राखायची नसते. मूल मात्र पुरते आपल्या बाजूचे असते. बापाने "राजवाडा?" म्हटल्यावर आठ वर्षांच्या मुलाला त्यात प्रश्न ऐकू येत नाही, बापाची इच्छा ऐकू येते. शिवाय मोठ्या माणसाला ठाऊक असणारच, अशीही त्याची श्रद्धा असते. आमच्या घरी हरकत घ्यायला कोणी नव्हते. उलट तोच सूचक प्रश्न आम्ही गटावर फिरवला आणि आलेली उत्तरे स्वतंत्र पुरावा म्हणून दाखल करून घेतली. आमचेच बोलणे चार घरे फिरून आमच्याकडे परत आले होते.

मातोश्रींनी प्रोजेक्टविषयी एकदाही विचारले नाही. त्यांनी त्याला त्या वर्गात, त्या बाकापाशी, सांडलेल्या चटणीपाशी नेऊन उभे केले. ऐकलेले वाक्य मुलाला सुटे आठवत नाही. पण त्या वेळी हातात काय होते, समोर कोण उभे होते, हे आठवले की वाक्यही त्याच्या मागोमाग येते. साक्षीदाराच्या स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही त्याला आधी प्रसंगाच्या जागी मनाने परत न्यायला सांगतात. मातोश्रींना हे कोणी शिकवले नव्हते. हरवलेली किल्ली त्या याच रीतीने शोधतात.

या रीतीने सर्व काही परत मिळते असे नव्हे. जे कानावर पडलेच नाही ते आठवणार कुठून? सूचना ऐन घंटेच्या वेळी दिली गेली, आणि वस्तू शाळेत न्यायची की नुसते लिहून न्यायचे, हे चिरंजीवांना शेवटपर्यंत सांगता आले नाही. तिथे "मला माहीत नाही" हेच खरे उत्तर होते. मातोश्रींनी ते तसेच घेतले. पुन्हा पुन्हा विचारले नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला की मुलाला वाटते, आपले पहिले उत्तर चुकले, आणि ते नवे उत्तर शोधू लागते.

आमच्या डोक्यात मात्र तो पाचाचा आकडा सलत राहिला. अख्ख्या जबानीत आमच्या राजवाड्यात न बसणारी तेवढी एकच गोष्ट होती, आणि तीच पहिल्यापासून खरी होती. साक्षीदाराने आपण होऊन सांगितलेली आणि आपल्या कथेत न मावणारी बाब जपून ठेवावी, हे आम्ही कनिष्ठ वकिलांना शिकवतो. घरी आम्ही ती तासून सात केली.

रात्री दहा वाजता मातोश्रींनी माळ्यावरून आपले पितळी मापटे काढायला लावले. चिरंजीवांनी त्या सांगतील तसे लिहिले : हे पितळेचे आहे, आजीच्या माहेराहून आले, याने धान्य मापत, दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर होतो, किलो आल्यावर हे माळ्यावर गेले. पाच झाली. गटावर आम्ही दुरुस्ती पाठवली. पुठ्ठा आणलेल्या मातेने त्यावर काहीच लिहिले नाही.

निजताना आम्ही विचारले, "तुला राजवाडा वाटत नव्हता, तर हो का म्हणालास?"

हाही प्रश्न बरा नव्हता, हे विचारल्यावर लक्षात आले. चिरंजीव थोडा वेळ गप्प राहिले.

"तुम्हाला राजवाडा आवडतो ना," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले.

पुठ्ठ्याचे तीन दगडी मजले अजून आमच्या टेबलावर आहेत. कोर्टाची कागदपत्रे आम्ही त्यांच्याशेजारीच ठेवतो.