अरबी क्रियापदाचं शेवटचं अक्षर

पालकहो आणि शिक्षक मित्रांनो, मूल अरबी शिकत असेल तर वहीत क्रियापदाचं शेवटचं अक्षर नीट बघा. ‘यक्तुबु’ म्हणजे तो लिहितो. त्याच्या आधी ‘लन्’ आला की उकार जाऊन अकार येतो: ‘लन् यक्तुब’, तो लिहिणार नाही. इथला ‘ब’ पूर्ण म्हणायचा. ‘लम्’ आला तर त्याच ‘ब’चा पाय मोडतो: ‘लम् यक्तुब्’, त्याने लिहिलं नाही. रूप वर्तमानाचं, अर्थ मात्र भूतकाळाचा!

खरी गडबड होते ती ‘ला’ने. ‘ला तक्तुबु’ म्हणजे तू लिहीत नाहीस, आणि ‘ला तक्तुब्’ म्हणजे लिहू नकोस. आपल्याकडे ‘नाही’ आणि ‘नको’ हे शब्दच वेगळे; तिथे सगळा भार त्या उकारावर. मुलं ‘ला’ दिसला की सरसकट पाय मोडतात आणि साध्या विधानाची मनाई होते.

वाक्याच्या शेवटी थांबलं तर उकार गळतोच, मग दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून तपासताना पुढे ‘दर्सक’ (तुझा धडा) जोडून म्हणवून घ्या: ‘ला तक्तुबु दर्सक’, ‘ला तक्तुब् दर्सक’. फरक लगेच कळतो.